मूठ आधी सुटते : डेडलिफ्ट आणि बीमसाठी पकडीचा सराव



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी शाळेच्या मैदानावर भेटला. वय वर्षे एकोणीस, वजन 62 किलो, सैन्यभरतीची तयारी चालू. म्हणाला, "सर, जिममध्ये नऊ बीम मारतो, मैदानावर सहाच्या वर जात नाही. पाठ थकलेलीच नसते, हातच सुटतो." बीम म्हणजे आपण ज्याला पुल-अप म्हणतो ते, आडव्या दांड्याला लटकून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत दहा बीमला 40 गुण असतात आणि सहाला 16. म्हणजे चार बीमचा फरक 24 गुणांचा. पोराची झोप उडाली होती त्यात नवल नाही.

मी विज्ञान शिकवतो, पण गेली सहा-सात वर्षं स्वतःही वजनं उचलतो. त्याची तक्रार मला माझीच वाटली, कारण डेडलिफ्टमध्ये माझं अगदी असंच झालं होतं. (डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा वजन लावलेला दांडा दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहणं. कसरत दिसायला साधी, करायला कठीण.) पाय तयार, कंबर तयार, आणि दांडा मात्र हळूहळू तळव्यातून बोटांच्या टोकाकडे घरंगळायचा. पाठीला अजून बळ आहे आणि मूठ उघडली, म्हणून वजन खाली. मूठ कशी चालते ते आधी पाहू, मग त्या पोराबरोबर आठ आठवडे नेमकं काय केलं ते सांगतो. तुमच्या शाळेत किंवा घरात भरतीची तयारी करणारी मुलं असतील, तर त्यांना हे उपयोगी पडावं.

बोटं हलतात, पण कुठून?

एक प्रयोग आत्ताच करा. वर्गातही करून घेता येतो. उजवा हात टेबलावर तळवा वर करून ठेवा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराच्या खालचा, आतल्या बाजूचा मांसल भाग धरा. आता उजव्या हाताची मूठ घट्ट वळा आणि सोडा. डाव्या हाताखाली काहीतरी फुगतंय, सरकतंय असं जाणवेल. बोटं जोरात वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात, पाठ्यपुस्तकात ज्याला अग्रबाहू म्हणतात तिथे असतात. तिथून निघालेल्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. कठपुतळीच्या दोऱ्यांसारखंच आहे. ओढणारा वर, हलणारं खाली. म्हणून पकड वाढवायची म्हणजे मुख्यतः अग्रबाहू तयार करायचा.

आता दुसरा प्रयोग. मूठ घट्ट वळा आणि मनगट आतल्या बाजूला, तळव्याकडे, जमेल तितकं वाकवा. मुठीतला जोर एकदम जातो. कोणी त्या मुठीतून पेन ओढलं तर सहज निघेल. आता मनगट किंचित मागे, हाताच्या पाठीकडे कलवा. मूठ आपोआप घट्ट होते. मनगट पुढे वाकलं की बोटं वाकवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना ओढायला वाव उरत नाही. आणि मागच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटं उघडायला बघतात, ते वेगळंच.

म्हणजे घट्ट पकडीसाठी मनगट किंचित मागे धरून ठेवावं लागतं, आणि ते काम अग्रबाहूच्या वरच्या बाजूच्या, मनगट मागे ओढणाऱ्या स्नायूंचं. सगळे आतल्या बाजूच्या मागे लागतात, या बिचाऱ्यांकडे कोणी बघत नाही. आपण पुढे बघणार आहोत.

दाबणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं

खेळाच्या दुकानात स्प्रिंगचं ते चिमट्यासारखं हँड ग्रिपर मिळतं. त्या पोराच्या खिशातही एक होतं. एसटीत बसल्या बसल्या शे-दोनशे वेळा दाबायचा. त्याचा काही उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला हवं होतं ते त्यातून मिळत नव्हतं. ग्रिपरमध्ये मूठ मिटवायची असते. बोटं हलतात, क्षणभर जोर लागतो, मग सुटका. डेडलिफ्टमध्ये आणि बीमवर मूठ आधीच मिटलेली असते आणि ती कोणीतरी उघडायला बघत असतं. बोटं हलू द्यायची नाहीत, हेच तिथलं काम. स्नायू ज्या प्रकारे आणि ज्या कोनात राबवाल, बळ मुख्यतः तिथेच वाढतं. दोनशे वेळा दाबता येणारा हलका ग्रिपर शंभर किलोच्या दांड्याबद्दल हाताला फार काही शिकवत नाही.

डेडलिफ्ट आणि बीम यांतही फरक आहे. डेडलिफ्टच्या पाच आवृत्त्यांना पंधरा-वीस सेकंद लागतात, पण जोर फार मोठा. बीमवर जोर फक्त अंगाच्या वजनाइतका, पण वेळ जास्त आणि मध्ये सुटका नाही. स्नायू जोरात आवळला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, ताजं रक्त नीट पोचत नाही. पळताना स्नायू आवळतो-सुटतो, त्यामुळे रक्त फिरत राहतं. लटकताना तसं नाही. हात भरून येतात, दगडासारखे होतात आणि मग बोटं आपण न सांगताच उघडतात. म्हणून एकीकडे जड वजन थोडा वेळ धरायचं आणि दुसरीकडे अंगाचं वजन जास्त वेळ, असे दोन्ही सराव लागतात.

आधी तपासा, खरंच मूठच कमी पडते का

हे न करता सराव सुरू करू नका. बऱ्याच जणांची पाठच कच्ची असते आणि दोष हाताला देतात.

डेडलिफ्टची तपासणी स्ट्रॅपने होते. स्ट्रॅप म्हणजे मनगटाला अडकवून दांड्याभोवती गुंडाळायचा जाड कापडी पट्टा. तो लावला की मुठीचं बरंचसं काम पट्टा करतो. आमच्या या पोराने 100 किलो वजन साध्या पकडीने, दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून उचललं. दोन वेळा व्यवस्थित गेलं, तिसऱ्यांदा दांडा बोटांवर घरंगळला. दहा मिनिटं विश्रांती घेऊन स्ट्रॅप लावले, तर तेच 100 किलो सहा वेळा गेलं आणि पाठ शेवटपर्यंत सरळ होती. दोन विरुद्ध सहा. उत्तर स्पष्ट होतं. स्ट्रॅप लावूनही तीनच्या वर जात नसतं, तर मी त्याला हा लेख वाचू नको असं सांगितलं असतं.

बीमची तपासणी याहून सोपी आहे, फक्त घड्याळ लागतं. त्याला मैदानावरच्या दांड्याला हात सरळ ठेवून नुसतं लटकायला सांगितलं. 27 सेकंदांत सुटला. मग दुसऱ्या दिवशी त्याच्या सहा बीमला किती वेळ लागतो ते मोजलं, 22 सेकंद. एका बीमला साधारण पावणेचार सेकंद. मग दहा बीमला किती? 37 सेकंद. जो मुलगा नुसता लटकून 27 सेकंद टिकतो, तो ओढत-उतरत 37 सेकंद कसा टिकेल? पाठ कितीही तयार असो, गणितच जमत नाही. वर-खाली होताना दांड्यावर झटके बसतात, त्यामुळे नुसतं लटकणं 37 च्याही बरंच पुढे जायला हवं. आम्ही 45 सेकंदांचं लक्ष्य ठरवलं.

आता प्रश्न उरला, जिममध्ये नऊ आणि मैदानावर सहा का? जिममध्ये हाच मुलगा 46 सेकंद लटकत होता. मी दोऱ्याचं एक रीळ घेऊन गेलो. जिमच्या दांड्याभोवती दोरा गुंडाळून मोजला, 9.5 सेंटीमीटर. 3.14 ने भागलं, व्यास आला जवळजवळ 30 मिलिमीटर. मैदानावरचा दांडा म्हणजे साधा जीआय पाइप, तिथे दोरा भरला 13.3 सेंटीमीटर. व्यास 42 मिलिमीटर! प्लंबर याला सव्वा इंची पाइप म्हणतात, पण ते माप नावापुरतं. सव्वा इंच म्हणजे 32 मिलिमीटर, आणि त्या पाइपचा बाहेरचा व्यास 42.4 मिलिमीटर असतो. दीड इंची पाइप तर बाहेरून 48.3 मिलिमीटरचा. (परिघाचं सूत्र कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या मुलांना मैदानावर नेऊन हे जरूर दाखवा.) दांडा जाड झाला की बोटं पूर्ण वळत नाहीत, अंगठा बोटांवर येऊन कुलूप लावू शकत नाही, आणि तोच स्नायू लवकर हरतो. त्याचा सराव पातळ दांड्यावर आणि परीक्षा जाड दांड्यावर, असा मामला होता.

प्रत्यक्ष सराव

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर. आमचे दिवस सोमवार आणि गुरुवार. पकडीचा सराव नेहमी मुख्य व्यायामानंतर करायचा. आधी हात थकवले आणि मग डेडलिफ्टला गेलं, तर दांडा सुटणार आणि पाठीचा सरावही बुडणार. एवढ्या एका चुकीने आठवडे वाया जातात.

सोमवारी डेडलिफ्ट. गरम होण्यासाठी जी हलकी वजनं उचलतो ती सगळी साध्या पकडीने, स्ट्रॅपशिवाय. मुख्य जड आवृत्त्या मात्र, जिथे मूठ कमी पडते तिथे, स्ट्रॅप लावून. पकडीपायी पाठ-पायांची तयारी थांबवायची नाही. ते संपलं की दांड्यावरचं वजन कमी करायचं. आम्ही 75 किलोवर आणलं. दांडा स्टँडवर गुडघ्याच्या थोडा वर ठेवायचा, म्हणजे जमिनीवरून उचलण्यात शक्ती जात नाही. साध्या पकडीने उचलून सरळ उभं राहायचं आणि 15 सेकंद धरायचं. दोन मिनिटं विश्रांती. असं तीनदा. पहिल्या दिवशी त्याची वेळ आली 15, 15 आणि 12 सेकंद. नियम एवढाच, तिन्ही वेळा 20 सेकंद झाले की पुढच्या वेळी 5 किलो वाढवायचे आणि पुन्हा 15 पासून सुरू करायचं.

धरताना दोन गोष्टी बघा. दांडा तळव्याच्या मधोमध नको, बोटांच्या मुळाशी हवा. मधोमध धरला तर वजन येताच तो खाली सरकतो, कातडी चुरगळते, घट्टे पडतात आणि सुटताना पकडही सैल होते. आधीच खाली धरला तर सरकायला जागा नाही. दुसरं, करंगळी आणि अनामिकेकडे लक्ष ठेवा. पकड सुटायला लागते ती बहुधा याच बाजूने, आणि आपल्याला ते उशिरा कळतं. मी त्याला सांगितलं, आधी करंगळी गुंडाळ, मग बाकीची बोटं, शेवटी अंगठा वरून. त्या दिवशी तिसऱ्या वेळचे 12 चे 14 सेकंद झाले असते असा माझा अंदाज आहे, पण पहिल्या दिवशी मीच सांगायला विसरलो होतो.

गुरुवारी बीम. बीमच्या नेहमीच्या आवृत्त्या झाल्यावर पाच मिनिटं बसायचं, मग मैदानावरच्याच जाड पाइपला लटकायचं. पूर्ण सुटेपर्यंत नाही! जास्तीत जास्त जेवढं जमतं त्याच्या साठ टक्के. त्याचे 27 सेकंद होते, म्हणजे 16 सेकंद. असं चार वेळा, मध्ये दीड मिनिट. दर आठवड्याला दोन-दोन सेकंद वाढवायचे. मुलांना हे पटत नाही, त्यांना दर वेळी शेवटपर्यंत लटकायचं असतं. पण सुटेपर्यंत लटकलं की पुढच्या वेळा कोसळतात. साठ टक्क्यांनी चार वेळा केलं की एकूण 64 सेकंद भरतात आणि तेही चांगल्या पकडीचे. लटकताना खांदे कानांपर्यंत सैल सोडायचे नाहीत, किंचित खाली ओढून ठेवायचे. नाहीतर हाताऐवजी खांद्याचे सांधे वजन पेलतात.

दोन्ही दिवशी शेवटी मागच्या बाजूचं काम. मांडीवर हात टेकवून, तळवा खाली करून, 2 किलोचा डंबेल धरायचा आणि मनगट सावकाश वर उचलून त्याहून सावकाश खाली सोडायचं. पंधरा वेळा, दोन फेऱ्या. आणि पाचही बोटांभोवती एक जाड रबरबँड अडकवून बोटं उघडायची, वीस वेळा. हे करताना मित्र हसतात. हसू द्या.

जिम नसेल तर? वाळू भरलेल्या दोन बादल्या घ्या. पंधरा लिटरच्या बादलीत पाणी साधारण 15 किलो भरतं, पण कोरडी वाळू भरली तर 24 किलोच्या आसपास जातं. बादली पत्र्याची हवी, प्लॅस्टिकची कडी तुटते. कडी बारीक तारेची असल्याने बोटांना कापते, म्हणून तिला जुना पंचा गुंडाळायचा. त्याने दुहेरी काम होतं, बोटं वाचतात आणि कडी जाडही होते. दोन्ही हातांत बादल्या घेऊन ताठ मानेने 20 सेकंद चालायचं, तीनदा. आपल्या आज्या विहिरीवरून हेच करत आल्या. फक्त त्यांनी सेकंद मोजले नाहीत.

खडू, उलटी पकड आणि इतर युक्त्या

घामाने ओला हात सुटतो, त्यासाठी व्यायामशाळेत पांढरा चॉक लावतात. नाव तेच असलं तरी तो आपल्या फळ्याचा खडू नव्हे. तो मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषून हात कोरडा ठेवतो. मी उत्साहाच्या भरात एकदा वर्गातला खडू कुटून लावून पाहिला आहे. हात पांढरे झाले, बाकी काही नाही. डेडलिफ्टला चॉक जरूर वापरा. पण भरतीच्या मैदानात तो वापरू देतीलच असं धरून चालू नका. आम्ही शेवटचे तीन आठवडे बीमचा सराव कोरड्या हातांनी, चॉकशिवाय केला.

डेडलिफ्टमध्ये एक तळवा आपल्याकडे आणि एक बाहेर अशी उलटी-सुलटी पकड पुष्कळ जण घेतात. त्याने दांडा एका हातातून ज्या दिशेला घरंगळतो त्याच्या उलट दुसऱ्यातून घरंगळायला बघतो, म्हणून तो फिरतच नाही. चटकन दहा-वीस किलो जास्त उचलता येतात. ही युक्ती आहे, बळ नव्हे, आणि तिची किंमतही आहे. बाहेर वळलेल्या हाताचं कोपर जराही वाकवलं, तर दंडाचा बायसेप्स स्नायू कोपराजवळ फाटू शकतो. घ्यायचीच तर कोपर पूर्ण सरळ, आणि हात आळीपाळीने बदला. अंगठा बोटांखाली दाबून धरायची हूक पकड ऑलिम्पिकमधले वेटलिफ्टर वापरतात. ती भक्कम असते, पण अंगठा सवय होईपर्यंत चांगलाच दुखतो. एकोणीस वर्षांच्या पोराला आठ आठवड्यांत ती शिकवण्यात मला अर्थ वाटला नाही.

कुठे थांबायचं

पालकांनी हा भाग नीट वाचावा. अग्रबाहूचा मांसल भाग जड होणं, दुसऱ्या दिवशी ठणकणं, हे चालतं. दोन दिवसांत जातं. पण कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं, तिथे बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल, सकाळी टॉवेल पिळताना किंवा हस्तांदोलन करताना कळ येत असेल, तर तो स्नायूचा थकवा नव्हे. तिथे कंडरा हाडाला जोडलेल्या असतात, त्यांच्यावर ताण आला आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरा त्याहून सावकाश. म्हणून सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, हे दुखणं डोकं वर काढतं.

आमच्या बाबतीत तसंच झालं. पाचव्या आठवड्यात त्याची डाव्या कोपराची आतली बाजू दुखायला लागली. मी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की घरी रोज रात्री दाराच्या चौकटीला लटकत होता, आणि खिशातला ग्रिपरही चालूच होता. दोन्ही बंद केलं. त्या आठवड्यात जाड पाइपला लटकणं नाही, डेडलिफ्ट स्ट्रॅप लावून, मनगटाचं हलकं काम फक्त. दहा दिवसांनी दुखणं गेलं, तेव्हा एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरू केलं. गेलं नसतं तर डॉक्टरांकडे पाठवला असता. रात्री बोटांना मुंग्या येणं, अंगठा-तर्जनी बधिर होणं हे तर मनगटातल्या त्या बोगद्यात नस दाबली जात असल्याचं लक्षण असू शकतं. त्यात घरचे उपाय नकोत, सरळ डॉक्टर.

लहान मुलांचं वेगळं आहे. आठवी-नववीतल्या मुलांनी दांड्याला पूर्ण पंज्याने लटकणं, दोर चढणं, मल्लखांब करणं यात काही वाईट नाही. पण नुसत्या बोटांच्या टोकांवर, खिडकीच्या कडेला वगैरे लटकायचे जे व्हिडिओ मुलं बघतात, ते वाढीच्या वयात करू देऊ नका. बोटांच्या हाडांची वाढीची जागा अजून कोवळी असते, तिथे इजा होते. आणि या वयात पकडीसाठी म्हणून जड डेडलिफ्टच्या मागे लागायचं तर मुळीच कारण नाही.

घट्ट्यांचंही सांगून टाकतो. ते येणारच, पण उंच वाढू दिले तर दांड्यावर फाटतात आणि मग आठवडाभर काही धरता येत नाही. आंघोळीच्या वेळी कातडी मऊ झाली की पाय घासायच्या वजरीने हळूच सपाट करायचे. ब्लेडने कापायचे नाहीत.

शेवटी काय झालं

आठव्या आठवड्यात 90 किलोचा दांडा तो साध्या पकडीने 14 सेकंद धरत होता. मधल्या दहा दिवसांचा खंड धरूनही ही वाढ चांगलीच. चॉक लावून 100 किलोच्या डेडलिफ्टच्या पाच आवृत्त्या स्ट्रॅपशिवाय झाल्या, जिथे आधी दोनवर गाडी अडत होती. मैदानावरच्या पाइपला 43 सेकंद लटकला. ठरवलेल्या 45 पेक्षा दोन कमी. आणि त्याच पाइपवर नऊ बीम झाले.

भरतीच्या दिवशीही नऊच झाले. 33 गुण. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "हात सुटला का?" म्हणाला, "नाही सर, हात धरून होता. दहाव्याला हनुवटी दांड्याच्या खालीच राहिली, पाठच वर नेईना." पुढच्या सोमवारपासून आम्ही पकडीचा सराव अर्ध्यावर आणला आणि कमरेला पाच किलोची प्लेट बांधून बीम सुरू केले.